चरचर थांबेपर्यंत

आमच्या जळगावच्या घरात जास्त विजेच्या उपकरणाचा, म्हणजे जाड पिनांचा, सॉकेट स्वयंपाकघरात एकच आहे आणि तो कुणी कुठे काढावा याला काही मर्यादा असायला हवी होती. फ्रिज आणि दार यांच्यामधल्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर. तिथे ओट्याचा पत्ता नाही. सँडविच मेकरची वायर हातभर. म्हणून तो एका स्टुलावर ठेवायचा आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागून कुणी दार उघडलं की ते पाठीत बसतं. बसलं की दार उघडणारा म्हणतो, "तू इथे आहेस होय?" मी दुसरीकडे कुठे असणार होते?

लग्नात मला तो सँडविच मेकर धुळ्याच्या मैत्रिणींनी दिला होता. आम्ही बी.एड.ला एकत्र होतो आणि परीक्षेच्या दिवसांत खोलीवर सँडविचवरच जगत होतो. माझ्या लग्नानंतर दोन वर्षं तो खोक्यासकट माळ्यावर पडून होता. सासरची माणसं मूळची भडगावकडची, आबांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी नोकरीसाठी जळगावला घर केलं ते इथलेच झाले. पण तोंडची भाषा आणि ताटातलं जेवण दोन्ही गावाकडचंच राहिलं. ब्रेड हा आमच्याकडे तापातल्या माणसाला दुधात बुडवून द्यायचा पदार्थ. त्यामुळे त्या खोक्याची कुणाला आठवण होण्याचं कारण नव्हतं.

आठवण मला झाली, आणि ती नोकरीमुळे झाली.

नशिराबादच्या पुढे महामार्गाला लागून एक शाळा आहे. तिथे विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या. मी मुलाखत दिली, एक तास शिकवून दाखवला, आणि त्यांनी जूनपासून या म्हणून सांगितलं. शाळेची गाडी आमच्या कॉलनीच्या तोंडाशी सकाळी सातला येणार होती. मी घरी आले ते हवेतच. पेढे आणले होते. आबांनी पेढा तोंडात टाकला, चावून संपवला आणि म्हणाले, "कर ना नोकरी. मी कोठे नही म्हनस? पन सकायनं बठ्ठं करीसन जाय."

सकाळचं सगळं करून जा. ऐकायला किती साधं वाक्य आहे! आमच्याकडे सकाळचं सगळं म्हणजे चार माणसांचा चार तऱ्हेचा नाश्ता. आबा फिरून आले की त्यांना भाकरी आणि ठेचा. दीर इंजिनिअरिंगला, त्याला पराठा. नवरा एका दालमिलच्या ऑफिसात, तो नऊ वाजता आंघोळ करून पोह्यांची वाट बघणार. सासूबाईंची पूजा झाली की त्यांना काहीतरी गरम आणि मऊ, शिवाय त्यांचे उपास वेगळे. दुपारचा स्वयंपाक आणि नवऱ्याचा डबा सासूबाई बघायच्या, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण सकाळची ही चारपदरी खानावळ माझ्या गळ्यात होती आणि ती साडेसहा ते साडेनऊ चालायची. सातला गाडीत बसायचं तर ती पहाटे साडेतीनला उघडावी लागली असती.

मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग वाटलं, सगळ्यांना एकच पदार्थ द्यायचा. एकदम करायचा, डब्यात भरून ठेवायचा, ज्याला जेव्हा हवा तेव्हा त्याने घ्यायचा. आणि मला माळ्यावरचं खोकं आठवलं. ब्रेड आदल्या दिवशी आणता येतो, भाजी आदल्या दिवशी शिजवता येते, सकाळी फक्त भाजायचं. अर्ध्या तासात आठ सँडविचेस आणि मी गाडीत. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी खोकं काढताना गुणगुणत होते.

ठरलं असं की रविवारी करून दाखवायचं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. पण घरात सगळ्यांना कळलं होतं की रविवारच्या सँडविचवर माझा जून अवलंबून आहे. नवरा तर गमतीने म्हणालाही, "आज तुझी प्रॅक्टिकल परीक्षा."

रविवारी मी यंत्र लावलं. लाल दिवा लागला, म्हणजे वीज आली. हिरवा लागेल तेव्हा आतल्या पाट्या तापल्या. तोपर्यंत तीन-चार मिनिटं काहीही आत घालायचं नाही, नाहीतर ब्रेड तापत्या पाटीवर नुसता वाळत आणि चिकटत बसतो. मी टोमॅटो-काकडी चिरायला ओट्याकडे वळले. चिरून, मीठ लावून, ब्रेडवर रचून परत आले तर दिवे दोन्ही बंद. मला वाटलं, हिरवा लागून गेला असेल. मैत्रिणींच्या यंत्रात तो लागायचा-विझायचा. मी ब्रेड आत ठेवले, झाकण लावलं. काही आवाज नाही, वास नाही.

"आई, लाईट गेली का?"

सासूबाई मागे खाली बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मी बंद करी दिन्हं. आत काहीच नव्हतं ना. रिकामा तवा कोनी तापाडस का?"

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? रिकामा तवा गॅसवर दिसला की बटण फिरवायचं, हे त्यांच्या हाताला चाळीस वर्षांचं वळण. मी परत चालू केलं, पण आत ब्रेड तसेच राहू दिले, कारण बाहेर आबा दोनदा खाकरले होते. पाट्या आणि ब्रेड एकदमच तापू लागले. मीठ लावलेल्या टोमॅटोने तोवर पाणी सोडलं होतं. मध्येच हिरवा दिवा लागला आणि मी उतावीळपणे झाकण उघडलं. तो दिवा पाट्यांचा असतो, सँडविच झालं म्हणून कुणी लावत नाही, हे मला माहीत होतं. पण माणूस घाबरलं की माहीत असलेलं काय कामाचं? वरचा ब्रेड वरच्या पाटीला, खालचा खालच्या, मधला टोमॅटो दोघांच्या मध्ये ताणलेला.

पुढचे घाणे बरे निघाले. पाट्या आता खरोखर तापल्या होत्या. वरून लोणी लावलेले ब्रेड छान तांबूस झाले, रेघा उमटल्या, कडा वाजायला लागल्या. आठही झाली. मी घाम पुसला, तोंड धुवायला गेले. परत आले तर ताटलीत काही नाही.

"बठ्ठं झाकीसन ठेयेल शे," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. पोळ्यांच्या डब्यात, खाली फडकं, वर फडकं, एकावर एक आठ सँडविचेस आणि वर घट्ट झाकण. गरम पोळी जशी ठेवतात तशी. अन्न उघडं राहू द्यायचं नाही, आणि गरम अन्न गरमच राहिलं पाहिजे, या दोन गोष्टी आमच्या घरात देवाच्या खालोखाल आहेत.

मी झाकण उघडलं तेव्हा आतून पाणी टपकलं. पोळीला ती वाफ हवी असते, म्हणूनच तिला फडक्यात ठेवतात. भाजलेल्या ब्रेडला ती नको असते. सँडविच यंत्रातून निघालं तरी त्याच्या पोटातली वाफ बाहेर पडतच असते, आणि तिला जायला जागा नसली की ती परत ब्रेडमध्येच शिरते. मी हे सगळं नववीच्या वर्गाला फार सुंदर समजावून सांगू शकले असते. आबांनी सँडविच दोन बोटांत उचललं, ते मधोमध वाकलं आणि खाली लोंबलं.

"हाई काय शे? वल्लं फडकं!" आबा म्हणाले.

दीर हसला, नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत, त्यांनी उठून पोहे भिजवले. मी मात्र त्या कोपऱ्यात जाऊन यंत्राची पिन काढत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि भिंतीकडे तोंड करायला तेवढीच एक जागा होती. ओल्या ब्रेडवरून माझी नोकरी जाणार होती. राग कुणाचा करावा तेही कळेना.

त्यानंतर दुपारी सगळे आडवे झाले की मी यंत्र लावायची. एप्रिलचं जळगाव, बाहेर रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, पंख्याचा वारा अंगाला भाजतो, आणि मी आपली त्या दोन तापलेल्या पाट्यांसमोर. वेड लागलं का म्हणून नवऱ्याने विचारलं. लागलंच होतं. मला वाटायचं, एकदा हे जमलं की दार उघडेल.

आणि जमत गेलं. ताजा ब्रेड लुसलुशीत असतो, त्यापेक्षा कालचा बरा, कारण त्यातलं पाणी थोडं कमी झालेलं असतं. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकायचा, चकत्या कपड्यावर टिपून घ्यायच्या आणि मीठ अगदी शेवटी. काकडी यंत्रात घालूच नये, ती बाजूला द्यावी. बटाटा उकडून गरम गरम कुस्करून लगेच भरला तर त्याची वाफ आतून ब्रेड भिजवते, म्हणून तो ताटात पसरून पार गार होऊ द्यायचा. चटणी घट्ट वाटायची. आतल्या बाजूलाही लोण्याचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे सारणाचा ओलावा ब्रेडमध्ये लगेच मुरत नाही. सारण कडेपर्यंत न्यायचं नाही आणि हावरटासारखं भरायचं नाही. झाकणावर हाताने दाबायचं तर मुळीच नाही. दाबलं की आतलं पाणी पिळून ब्रेडमध्ये उतरतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट मला कानाने शिकवली. ब्रेड आत ठेवून झाकण लावलं की चरचर सुरू होते आणि कडेने वाफ निघते. ती चरचर म्हणजे पाणी जातंय. ती चालू असताना कितीही मोह झाला तरी उघडायचं नाही. चार-एक मिनिटांनी ती बारीक होत जाते, मग जवळजवळ थांबते, आणि ब्रेडचा वास बदलतो. तेव्हा उघडायचं. सारण ओलसर असेल तर ती जास्त वेळ चालते, संध्याकाळी विजेचा दाब कमी असला तर त्याहून जास्त. घड्याळ बघण्यात अर्थ नाही, चरचर ऐकायची. बाहेर काढल्यावर ताटलीत ठेवायचं नाही, पापड भाजायच्या जाळीवर ठेवायचं. खालूनही वाफ जायला हवी.

सासूबाई दुपारी झोपत नसत. त्या मागे बसून काहीतरी निवडत असायच्या आणि बघायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, माझी फजिती बघायला बसल्यात. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आई, तुम्ही पडा ना जरा." त्या म्हणाल्या, "आठे वारा येस." इथे म्हणे वारा येतो. त्या स्वयंपाकघरात! मी दात-ओठ खात पुढच्या ब्रेडला लोणी लावलं.

पुढची परीक्षा आबांनीच घेतली. गावाकडून भरताची हिरवी वांगी आली होती, उन्हाळ्यातली शेवटची. रात्री भरीत झालं, बचकाभर उरलं. सकाळी आबा फिरून आले आणि म्हणाले, "तुना त्या मशिनमा भरीत घाल ना." दीर पुन्हा हसायच्या तयारीत.

वांग्याचं भरीत म्हणजे नुसतं पाणी आणि तेल. त्यात कांद्याची पात. दहा दिवसांपूर्वी मी ते तसंच भरलं असतं आणि वरून चिखल बाहेर आला असता. त्या दिवशी मी ते कढईत घेऊन मोठ्या आचेवर परतत बसले, पार कढईला चिकटायला लागेपर्यंत. गार केलं. त्यात भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट घातला, तो उरलासुरला ओलावा ओढून घेतो. कालच्या ब्रेडला आतून लोणी, मधोमध पातळ थर, बाहेरून लोणी. यंत्र आधीच तापत ठेवलं होतं आणि या वेळी मी त्याच्यासमोरून हलले नाही. चरचर झाली, बारीक झाली, थांबली. मी आबांना ते थेट जाळीवरून ताटात दिलं.

पहिल्या घासाचा आवाज ओट्यापर्यंत आला. कुर्रर्र. आबांनी डोळे मिटले. "आखो एक," म्हणत त्यांनी ताट पुढे केलं.

दिराने तीन खाल्ली. नवऱ्याने पोह्यांचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी अर्धं खाऊन बोटं चाटली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी शेजारणीला आबा सांगत होते की आमच्या सुनेसारखं भरताचं सँडविच अख्ख्या खान्देशात कुणाला यायचं नाही. मी आत ऐकत होते आणि मला खूप, खूप आनंद झाला. ते कबूल करते. कौतुकाला हपापलेली होते मी.

माझ्या लक्षात यायला आठवडाभर गेला.

साडेसहाला आबा येत. "आन बाई, गरम गरम." सव्वासातला दीर. साडेआठला सासूबाई. नऊला नवरा. मी एकदम आठ करून जाळीवर ठेवून पाहिली. पहिली दहा-पंधरा मिनिटं ती मस्त राहिली, मग पोटातला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येऊन ती चिवट झाली. नवऱ्याने एक उचललं, दाबून पाहिलं आणि ठेवून दिलं. "हे सकाळचं आहे ना? मला ताजं दे ना, दोन मिनिटांचं तर काम."

मी म्हटलं, "तापलेल्या यंत्रात एक-दोन मिनिटं ठेवा, परत कुरकुरीत होतं. अगदी पहिल्यासारखं."

"तूच ठेव ना. मला ते दिवे-बिवे कळत नाहीत."

अख्ख्या दालमिलचा हिशोब संगणकावर ठेवणाऱ्या माणसाला दोन दिवे कळत नव्हते. दिराचं म्हणणं, "वहिनी, तुझ्या हातचंच लागतं." आणि सासूबाईंनी तर आपल्याकडून व्हायचं नाही म्हणून कानाला हात लावले. "मनाकडतून नही व्हवाव. करंट लागस त्याले."

तर अशी मी अडकले. पोहे करून झाकून ठेवता येत होते, पोळी फडक्यात राहिली असती, भाकरी तर गार झाली तरी आबा खायचे. मी या सगळ्यांना असल्या एका पदार्थाची चटक लावली होती जो थांबत नाही, ज्याच्यासमोर दर वेळी पाच-पाच मिनिटं उभं राहावं लागतं, एका वेळी दोनच होतात आणि जो फक्त मला येतो. बाहेर पडायला मी जो रस्ता खोदला तो माझ्याच अंगणात परत आला होता. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, तोंड भिंतीकडे, पाठ दाराला. दार पाठीत बसायचं आणि मागून आवाज यायचा, "झालं का?"

मे संपत आला तसा नोकरीचा विषय घरात निघेनासा झाला. कुणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. मीच एकदा जेवताना काढला तेव्हा आबा अगदी मायेने म्हणाले, "आते तू गयी ते आमले हाई कोन करी देई?" आणि सगळे हसले. लाडाने हसले. मी ताट ढकलून उठले तर नवरा मागे आला. "अगं, चेष्टा केली त्यांनी. कौतुकच करतात ना तुझं?"

"मला तुमचं कौतुक नको," मी म्हणाले. "मला सात वाजता घराबाहेर जायचंय."

"मग जा की. कुणी धरून ठेवलंय?"

हे वाक्य मला आजही आठवलं की अंगाची आग होते. खरंच कुणी धरलेलं नव्हतं. दार उघडंच होतं. पण त्याच्यामागे मी उभी होते आणि समोर यंत्र चरचरत होतं.

शाळेतून फोन आला, सोमवारी येताय ना. मी ओट्याशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येते." घरात कुणाला विचारलं नाही. फोन ठेवल्यावर सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचा शोधू लागल्या. मला वाटलं, एवढी दगड बाई मी पाहिली नाही. एक शब्द तरी बोलायचा, बाजूने नाही तर विरुद्ध.

सोमवारी मी बटाट्याचं सारण गार करून डब्यात ठेवलं. ब्रेडला लोणी लावून जोड्या रचल्या. जाळी मांडली. आबांना आणि दिराला मीच करून दिली, दीरही त्या दिवशी लवकर उठला होता, काय होतंय ते बघायला असेल. मग नवऱ्याला उठवून कोपऱ्यात उभं केलं. हिरवा दिवा लागलेला दाखवला. "आता ठेवायचं. चरचर थांबेपर्यंत उघडायचं नाही. एवढंच." तो जांभई देत हो म्हणाला. मी साडी सारखी केली, पर्स घेतली, चप्पल पायात घातली.

उंबऱ्यात असताना ब्रेड आत गेल्याचा आवाज ऐकला. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असेन तेवढ्यात झाकण उघडल्याचा. चरचर भर रंगात असताना उघडलं होतं. वरचा ब्रेड पाटीला चिकटून फाटला असणार, मला न बघता दिसला. "अगं, हे काय झालं? अगं, ये ना जरा!" नवरा ओरडला. "एकच मिनिट ये!"

माझे पाय थांबले. खोटं कशाला सांगू, मी वळले होते. एक मिनिट मला ठाऊक होतं किती लांबतं ते. गाडी कॉलनीच्या तोंडाशी आलेली होती, तिचा हॉर्न ऐकू आला. तरी मी वळले होते. पहिल्या दिवशी उशीर झाला तर काय सांगायचं याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली होती.

आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. चिडलेला, मोठा, पोराला लहानपणी दटावतात तसा.

"झाक ते! उघडझाक करू नको! चरचर थांबू दे पहिले. आनि वरथून दाबू नको, पानी सुटस. इतली घाई शे ते रातनी पोळी खाय."

"मग तूच कर ना आई," नवरा म्हणाला.

 मग पाट खरकन सरकल्याचा आवाज, गुडघ्यावर हात टेकून उठताना त्या म्हणतात ते "विठ्ठला", आणि जवळ येत गेलेलं बांगड्यांचं वाजणं. "सरक तठून," त्या म्हणाल्या. पुन्हा झाकण लागलं. पुन्हा चरचर सुरू झाली. मग दार उघडता उघडता धपकन अडलं, म्हणजे ते कुणाच्या तरी पाठीत बसलं होतं, आणि दिराचा आवाज आला, "अरे, आई, तू इथे आहेस होय?"

मी जिन्यात उभी होते. मला आत जाऊन त्यांना त्या कोपऱ्यातून ओढून काढावंसं वाटलं. त्यांना सगळं येत होतं. दुपारभर मागे बसून त्यांनी एकेक गोष्ट उचलली होती आणि येत नाही असं सांगत राहिल्या होत्या, कारण येतं म्हटलं की काय होतं हे त्यांना माझ्याआधी तीस-पस्तीस वर्षं ठाऊक होतं. आज त्यांनी ते बोलून टाकलं होतं. मी जिन्यात आहे हे त्यांना माहीत होतं का? तेवढ्यात खिडकीतून त्यांचा आवाज खाली आला, कुणाचंही नाव न घेता, जरा जास्तच मोठ्याने, "गाडी हुभी शे तठे. जाय म्हना तिले!"

मी धावत सुटले.

गाडीत शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि विचारलं, नवीन का? मी हो म्हणाले आणि मला एकदम रडू फुटलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, पहिल्या दिवशी होतं असं, घरी लहान बाळ आहे का?

मी म्हटलं, "नाही. सासूबाई आहेत."